पी-व्ही डायग्राम वाचताना: लूपचं क्षेत्रफळ आणि त्याचं चिन्ह

नेट, गेट, जॅम यांसारख्या परीक्षांच्या तयारीत हा प्रश्न तुम्ही सोडवला असेलच: दाब-आकारमान आलेखावर एक बंद आकृती, आणि विचारलंय, एका चक्रात वायूने किती कार्य केलं? आपण पटकन म्हणतो, 'आतलं क्षेत्रफळ काढा.' उत्तर बऱ्याचदा बरोबरही येतं. पण क्षेत्रफळच का, हे नीट कळलेलं नसेल तर प्रश्न जरासा बदलला की चूक होते. एकच उदाहरण घेऊन हे बघू.

आडव्या अक्षावर आकारमान आणि उभ्या अक्षावर दाब आहे. बिंदू अ: २ लिटर, १०० किलोपास्कल. बिंदू ब: ६ लिटर, ३०० किलोपास्कल. बिंदू क: ६ लिटर, १०० किलोपास्कल. वायू अ पासून ब पर्यंत तिरक्या सरळ रेषेने जातो, ब पासून क कडे सरळ खाली येतो आणि क पासून अ कडे आडवा परततो.

आता प्रत्येक टप्प्याचं कार्य वेगळं काढू. वायूने केलेलं कार्य W = ∫P dV, म्हणजे रेषेखालचं, शून्य दाबापर्यंतचं क्षेत्रफळ. अ ते ब या टप्प्यात रेषा सरळ आहे, म्हणून सरासरी दाब २०० किलोपास्कल. आकारमान ४ लिटरने वाढलं, म्हणून कार्य ८०० ज्यूल. (एक किलोपास्कल गुणिले एक लिटर म्हणजे बरोबर एक ज्यूल, त्यामुळे इथे एककं बदलत बसायची गरज नाही.) ब ते क मध्ये आकारमान बदलतच नाही, म्हणून कार्य शून्य. क ते अ मध्ये वायू १०० किलोपास्कलवर ४ लिटरने आकुंचन पावतो, म्हणून कार्य उणे ४०० ज्यूल. एकूण बेरीज: अधिक ४०० ज्यूल.

त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढून पाहा: अर्धा गुणिले ४ गुणिले २०० = ४००. जुळलं. कारण जाताना मिळालेल्या मोठ्या क्षेत्रफळातून परतताना खालचा आयत वजा झाला आणि मधला त्रिकोण तेवढा उरला. म्हणजे 'आतलं क्षेत्रफळ' हा वेगळा नियम नाही, ती याच वजाबाकीची शिल्लक आहे.

आता खरी गंमत. समजा पेपरातल्या आकृतीत उभा अक्ष शून्यापासून नाही, तर १०० किलोपास्कलपासून सुरू केलाय. एखाद्याने छापलेल्या अक्षापर्यंतच क्षेत्रफळ मोजलं, तर त्याला अ ते ब चं कार्य ४०० आणि क ते अ चं शून्य मिळेल. दोन्ही चूक! तरी बेरीज ४००च येते, कारण जाताना जो आयत सुटला, तोच परतताना सुटला. संपूर्ण चक्राचं उत्तर बरोबर आल्यामुळे ही चूक लक्षातच येत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, 'फक्त अ ते ब मध्ये किती कार्य झालं?' आणि तिथे ८०० च्या जागी ४०० लिहिलं जातं. म्हणून आकृती पाहिल्यावर आधी अक्ष कुठून सुरू होतो ते बघायचं.

दुसरी फसगत दिशेची. वरचं चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, आणि कार्य धन आहे. पण पाठ केलेला हा नियम आकारमान आडव्या अक्षावर असेल तरच चालतो. दाब आडव्या आणि आकारमान उभ्या अक्षावर टाकून हेच तीन बिंदू कागदावर काढून बघा. आकृती आरशात पाहिल्यासारखी उलटते आणि तेच चक्र काट्यांच्या उलट दिशेने फिरताना दिसतं. वायूने मात्र तेच केलंय, कार्य अजूनही अधिक ४०० ज्यूलच आहे. म्हणून काट्यांची दिशा पाहण्यापेक्षा स्वतःला एकच प्रश्न विचारा: वायू प्रसरण पावतो तेव्हा दाब जास्त आहे, की आकुंचन पावतो तेव्हा? प्रसरणाच्या वेळी जास्त असेल तर कार्य धन. हा प्रश्न अक्ष कसेही काढले तरी फसवत नाही.

रसायनशास्त्राच्या पेपरात मात्र कार्य बहुधा 'वायूवर केलेलं' धरतात, तेव्हा हेच उत्तर उणे ४०० ज्यूल लिहावं लागतं. प्रश्नातलं 'वायूने' की 'वायूवर' हे अक्षर न् अक्षर वाचा.

आणि एक मर्यादा. हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा प्रक्रिया इतकी सावकाश होते की प्रत्येक क्षणी वायूला एकच ठराविक दाब असतो. निर्वातात मुक्त प्रसरण झालं, तर सुरुवात आणि शेवट हे दोन बिंदू आलेखावर दाखवता येतात, पण मधला मार्ग नसतो. काही पुस्तकांत तिथे तुटक रेषा काढतात. त्या रेषेखालचं क्षेत्रफळ मोजायचं नाही, कारण तिथे वायूने केलेलं कार्य शून्य असतं. चक्रात असा एक जरी टप्पा असला, तरी आकृतीचं क्षेत्रफळ सोडून द्या आणि टप्प्याटप्प्याने बेरीज करा.