मुलाखतीतील विस्तार: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत, नव्या योजनेनुसार, १७५० गुणांच्या मुख्य परीक्षेनंतर २७५ गुणांची मुलाखत होते. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून तेथवर पोहोचणाऱ्या उमेदवाराची अनेकदा अशी दृढ समजूत असते की, समितीपुढे लाभलेल्या अल्प अवधीत जितकी अधिक माहिती मांडावी तितका प्रभाव अधिक पडतो. वर्षानुवर्षे लेखी परीक्षा देऊन जडलेली ही सवय आहे. समितीच्या सदस्यांना मात्र, उमेदवाराने प्रश्न नेमका ओळखला काय आणि दहा गोष्टींतून महत्त्वाची कोणती हे त्यास ठरविता येते काय, हे पाहावयाचे असते.

समजा, वसमत तालुक्यातील शेतकरी कुटुंबातल्या उमेदवारास प्रश्न आला: "तुमच्या भागातील हळद उत्पादकांची सर्वांत मोठी अडचण कोणती?" तयारी पुष्कळ आणि रचना नाही, अशा स्थितीत उत्तर पुढील वळणाने जाते: "सर, आमच्या जिल्ह्यात पाच तालुके आहेत. औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नर्सी आमच्याकडेच आहे. हळद हे प्रमुख नगदी पीक असून वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण भाव स्थिर नसतो, मजूर मिळत नाहीत, कंदकुज येते, विजेचा प्रश्न आहे, काढणीनंतर कधी पाऊसही येतो, तसेच साठवणुकीची सोय..."

यातील एकही विधान खोटे नाही. तरीही उत्तर आलेलेच नाही, कारण विचारलेली अडचण एक होती आणि निवडीचे ओझे उमेदवाराने निमूटपणे समितीकडे सरकविले. अशा उत्तराची दुरुस्ती कागदावर करावी. बोललेले जसेच्या तसे उतरवून, ज्या वाक्यात प्रश्नाचा सरळ जबाब आहे ते शोधावे. बहुधा ते शेवटाकडे, येथे पावसाच्या ओझरत्या उल्लेखात, दडलेले सापडते. ते उचलून अग्रभागी ठेवावे. नंतर उरलेल्या प्रत्येक वाक्याबद्दल, हे काढले तर माझा जबाब बदलतो काय, असे विचारावे. तालुके, तीर्थक्षेत्रे आणि मानांकन त्या कसोटीवर गळून पडतात. राहिलेल्या जागेत स्वतः पाहिलेला एकच प्रसंग, कारण आणि परिणाम यांसह, बसवावा.

"सर, माझ्या मते काढणीनंतरची वाळवण ही सर्वांत मोठी अडचण आहे. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पसरावी लागते, आणि नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे अवकाळी पाऊस येतो. एका वर्षी आमची हळद खळ्यावर असताना पावसात भिजली. ती पुन्हा वाळवली, पॉलिशही केली, पण रंग उतरला होता, म्हणून बाजारात तिला कमी भाव मिळाला. नऊ महिन्यांचे पीक शेतात सांभाळले तरी त्याचे मोल शेवटच्या पंधरवड्यात घटू शकते."

हे उत्तर बोलावयास अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते.

येथे दुसरी समजूत आड येते: एकाऐवजी तीन उदाहरणे दिल्यास विधान तिप्पट बळकट होते. प्रत्यक्षात तिन्ही उदाहरणे अर्धवट राहतात, आणि भिजलेल्या हळदीचे पुढे काय झाले हा ऐकणाऱ्याच्या मनात उठलेला प्रश्न दुसऱ्या उदाहरणाखाली पुरला जातो. शिवाय, संक्षिप्त उत्तर म्हणजे अज्ञानाची कबुली ही भीतीही निराधार आहे, कारण ज्ञानाची खोली बहुधा पुढल्या प्रश्नात तपासली जाते. "मग ताडपत्री का घातली नाही?" "वाळवणयंत्र गावाने सामाईक घ्यावे, की प्रत्येकाने?" असे प्रश्न वरील प्रसंगातून आपोआप निघतात, म्हणून निवडताना, ज्याच्यावरील पुढचे दोन-तीन प्रश्न आपणास झेपतील असाच प्रसंग घ्यावा. ऐकीव प्रसंग कितीही परिणामकारक असला तरी दुसऱ्या प्रश्नाशीच तोंडघशी पाडतो, आणि रचलेला तर त्याहून लवकर.

तयार उत्तर मुखोद्गत करणे हा संक्षेपाचा मार्ग मानणारेही पुष्कळ आहेत. पाठांतराने शब्द स्थिर होतात, आणि प्रश्न किंचित बदलला की तेच शब्द अडथळा ठरतात. लक्षात ठेवावयाचे ते पहिले वाक्य आणि प्रसंगाचा क्रम एवढेच. उत्तर फसते आहे हे कळण्याची खूणही साधी आहे: आपल्या तोंडी "तसेच" आणि "त्याशिवाय" वारंवार येऊ लागले, अथवा सरावात ऐकणाऱ्या मित्रास आपला जबाब एका वाक्यात परत सांगता आला नाही, तर मसुदा पुन्हा हाती घ्यावा.

मात्र या रीतीस मर्यादा आहेत. जिल्ह्यात तालुके किती, या प्रश्नास "पाच" एवढेच उत्तर पुरे असून तेथे प्रसंग जोडणे अप्रस्तुत होय. आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाची कारणे विचारली असता एका खळ्यावरील हळद साऱ्या प्रदेशाची साक्ष देऊ शकत नाही, तेथे दोन कारणे स्पष्ट मांडून मगच दाखला द्यावा लागतो.