डोक्यासाठी क्रिएटिन: दावा मोठा, पुरावा लहान

क्रिएटिनचा डबा आता जिममधून अभ्यासिकेत पोचला आहे. बुद्धिबळाचा चार-पाच तासांचा डाव असो, रात्रभराचं गेमिंग असो किंवा एमपीएससीची तयारी, रोज एक चमचा घेतला की डोकं जास्त वेळ चालतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. या सल्ल्यामागे विज्ञान आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. ते किती आहे, हे वीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन प्रयोगांवरून चांगलं कळतं.

आधी त्यामागचा तर्क पाहू. पेशीला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. ते खर्च झालं की क्रिएटिनला जोडलेला फॉस्फेट लगेच मदतीला येतो आणि एटीपी पुन्हा तयार होतं. वजन उचलताना स्नायूंत हे घडतं, तसंच मेंदूतही घडतं. फरक असा की बाहेरून घेतलेल्या क्रिएटिनने स्नायूंतला साठा बराच वाढतो, मेंदूतला मात्र थोडाच. मेंदू आपल्यापुरतं क्रिएटिन बहुतांशी स्वतः बनवतो आणि रक्तातलं फार सावकाश आत घेतो. दाव्यातली पहिली अडचण इथेच आहे.

2003 साली सिडनी विद्यापीठात कॅरोलिन रे आणि सहकाऱ्यांनी 45 तरुण शाकाहारी लोकांना सहा आठवडे रोज 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं आणि तेवढेच दिवस निरुपद्रवी बनावट पावडर. कोणत्या वेळी काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग आकडे ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणायला लावले: 7-2-9-4 ऐकलं की 4-9-2-7 म्हणायचं. शिवाय आकृत्यांची तर्कचाचणी घेतली. दोन्हींत क्रिएटिनच्या काळात गुण स्पष्टपणे वाढले. शाकाहारींनी क्रिएटिन घ्यायलाच हवं, ही समजूत बऱ्याच अंशी या निकालावर उभी आहे.

मग 2023 मध्ये याच चाचण्यांवर आणखी मोठा प्रयोग झाला. या वेळी 123 जण होते, निम्मे शाकाहारी आणि निम्मे मांसाहारी. मात्रा तीच, सहा आठवडे तेच. कोणत्या चाचणीचा निकाल मुख्य धरायचा हे संशोधकांनी आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे नंतर सोयीचा आकडा उचलायला वाव नव्हता. उलट्या आकड्यांच्या चाचणीत किंचित सुधारणा दिसली, पण ती योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येईल इतकी नव्हती. आकृत्यांच्या चाचणीतला फरक त्याहूनही पुसट होता. परिणाम असलाच तर तो बुद्ध्यंकाच्या मापात एक ते अडीच गुणांचा असावा, असा संशोधकांचा अंदाज. शाकाहारींना जास्त फायदा झाला, असंही दिसलं नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे जाहिरातीत हाच मुद्दा पुढे केला जातो. शाकाहारींच्या स्नायूंत क्रिएटिन कमी असतं हे खरं, पण मेंदूत ते कमी असल्याचं मोजमापात आढळलेलं नाही.

एक निकाल जरा वेगळा आहे. 2024 मध्ये जर्मनीत 15 जणांना सुमारे 21 तास जागं ठेवून क्रिएटिनची एकच मोठी मात्रा दिली, वजनाच्या प्रत्येक किलोला 0.35 ग्रॅम. विचाराचा वेग काही तास थोडा टिकून राहिला. पण 60 किलोच्या माणसाला ही मात्रा 21 ग्रॅम होते, म्हणजे रोजच्या चमच्याच्या चौपट, आणि प्रयोगात माणसं फक्त पंधरा. शिवाय हा परिणाम झोप मोडलेल्या मेंदूवरचा आहे. नीट झोपून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो लागू करता येत नाही.

स्वतः घेऊन पाहिलं तर कळेल का? मला नाही वाटत. ऑनलाइन बुद्धिबळाचं रेटिंग काही न घेताही आठवड्यात पन्नास गुणांनी वरखाली होतं, आणि सरावाने खेळ सुधारतो तो वेगळाच. एवढ्या गडबडीत अडीच गुणांचा फरक ओळखू येणार नाही. डबा विकत घेतल्यावर बरं वाटतं, त्यातला किती भाग पावडरचा हे तर मुळीच नाही.

तरीही कुणाला घ्यायचंच असेल, तर साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम, एवढं पुरे. निरोगी माणसाला ते सहसा सोसतं. स्नायूंत पाणी धरल्याने वजन थोडं वाढतं, काहींचं पोट बिघडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि रक्त तपासायला देताना क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगावं. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडाचं काम त्याच्या आकड्यावरून जोखतात. तो आकडा पावडरमुळे वाढलेला असू शकतो, आणि हे माहीत नसेल तर धडधाकट विद्यार्थ्याच्या घरी विनाकारण घबराट पसरते.