किंकाळीची परीक्षा हळू सुरात

मेटल बँडच्या गायकाला कार्यक्रम संपल्यावर कुणी विचारलं, ‘घसा कसा आहे?’, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘दुखत नाही, ठीक आहे.’ या उत्तरावर विसंबून दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम ठरतो आणि तिथेच अनेक आवाज बिघडायला सुरुवात होते. घशाला वेदना कळते, पण आवाज जिथे निर्माण होतो त्या स्वरतंतूंना आलेली सूज बहुधा दुखत नाही. गायकाला ती कळायची असेल तर वेगळी खूण शोधावी लागते.

स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन मऊ घड्या. प्रौढ पुरुषात त्या साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतात, स्त्रियांमध्ये त्याहून आखूड. फुप्फुसांतून येणारी हवा त्यांना हलवते आणि त्या एकमेकींवर टाळीसारख्या आपटतात. सेकंदाला तीनशे कंपनांचा सूर मिनिटभर धरला, तर त्या मिनिटात 18 हजार टाळ्या वाजतात. घडीच्या पातळ आवरणाखाली जेलीसारखा मऊ थर असतो. मार जास्त झाला की या थरात पाणी धरतं. तेच रोज होत राहिलं, तर घडीच्या मध्याजवळ, जिथे आपटणं सर्वांत जोरात असतं तिथे, दोन्ही बाजूंना गाठी येऊ लागतात.

मग तास-तासभर किंचाळणारे गायक वर्षानुवर्षं टिकतात कसे? मुंबईच्या ‘डिमॉनिक रिझरेक्शन’, ‘भयानक मौत’ यांसारख्या बँडमुळे हा आवाज आपल्याकडेही दोन दशकांहून अधिक काळ ऐकू येतो आहे. उत्तर असं, की चांगल्या स्क्रीममधला खरखरीतपणा मुख्यतः स्वरतंतूंनी काढायचा नसतो. त्यांच्या थोड्या वर घड्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्या बाजूला असतात. जोर लावून वजन उचलताना त्या जवळ येऊन वाट बंद करायला मदत करतात. खोल, गुरगुरणाऱ्या स्क्रीममध्ये त्या अर्धवट जवळ येतात आणि हवेने थरथरतात. त्यांच्याही वरचा भाग अरुंद होऊन त्यात भर घालतो. अमेरिकेतल्या ‘लॉर्ना शोर’ या बँडचा गायक विल रामोस याने नाकातून घशात कॅमेरा घालून स्क्रीम करून दाखवलं. त्या चित्रणात स्वरतंतूंच्या वरचा हा सगळा भाग हलताना दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीममध्ये सकाळी उठल्यावर निघतो तसा करकरीत, खालचा आवाज पाया म्हणून घेतात. त्यात हवा फार थोडी लागते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे: आवाज मोठा करण्याचं काम मायक्रोफोनचं. प्रत्यक्षात तो स्क्रीम जोरात बोलण्याइतकाच असतो. न्यूयॉर्कच्या शिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी 2005 मध्ये ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ हा शिकवणीचा व्हिडिओ काढला, तेव्हापासून या गायनाचं रीतसर शिक्षण अनेकांपर्यंत पोहोचलं. आपला स्क्रीम चुकीच्या जागेतून येतोय का, हे शिकणाऱ्याला लगेच तपासता येतं. स्क्रीम करताना घशात खाजरं, ओरखडल्यासारखं वाटलं, खोकला आला, किंवा स्क्रीमच्या लगेच नंतर साधं वाक्य बोलताना आवाज घोगरा निघाला, तर भार स्वरतंतूंवर येतो आहे. तिथेच थांबावं. ‘सवय झाली की होईल’ म्हणून तसंच रेटणं धोक्याचं.

आता पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या फेस्टिवलची संध्याकाळ घेऊ. बँडला साडेआठला 45 मिनिटं मिळाली आहेत, गाणी नऊ. गायकाने साडेसातला घसा तयार करायला घ्यावा. त्याला लागेल एक पेला पाणी आणि शीतपेयाची साधी नळी. नळीचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं, ओठांनी नळी घट्ट धरायची आणि हळू ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. आधी एकाच सुरावर, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. दोन-तीन मिनिटं पुरेत. तोंडाकडची वाट अरुंद झाल्याने हवेचा दाब मागे स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो आणि स्वरतंतू किंचित अलग राहून हलतात, त्यामुळे कंपन होतं पण आपटणं कमी होतं. अमेरिकन आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या व्यायामामागचं कारण मांडलं. आज आवाजाच्या उपचारातही तो सर्रास वापरतात.

त्यानंतर ओठांची भुरभुर करत दोन मिनिटं सूर वर-खाली न्यायचा. मग तोंड मिटून ‘म’, मग उघड्या ‘आ’वर मध्यम पट्टीत पाच-सहा सूर. सर्वांत वरचा सूर इथे गाठायचा नाही. शेवटी स्क्रीम, पण बोलण्याच्याच आवाजात: आधी कंटाळून टाकलेल्या उसाशासारखा, मग त्यात थोडी खरखर, मग एकेक शब्द, मग गाण्यातली एक ओळ. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. पूर्ण ताकदीचा स्क्रीम साऊंडचेकला फक्त तंत्रज्ञाला पातळी कळावी इतकाच द्यायचा. तिथे अख्खी तीन गाणी जीव तोडून गायली, तर तेवढा आवाज मंचावर कमी पडतो.

मंचावर गेल्यावर खरा शत्रू कान असतो. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी 1911 मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. मागे ड्रम, बाजूला गिटारचे अँप्लिफायर, आणि गायकासमोरच्या मॉनिटरमध्ये त्याचाच आवाज दबलेला. तो ठरवून जोर लावत नसतो, तरी दुसऱ्या गाण्यापासून दाब वाढत जातो. म्हणून साऊंडचेकला पहिली मागणी हवी ती मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज स्पष्ट मिळण्याची. कानात घालायचे मॉनिटर परवडत असतील तर उत्तम. नसतील तर एका कानात इअरप्लग घातला, तरी डोक्याच्या आतून आपला आवाज ऐकू येतो. मायक्रोफोनचं जाळीदार डोकं मुठीत धरण्याची अनेकांची लकब इथे नडते. त्याने मायक्रोफोन सगळ्या दिशांचा आवाज ओढतो, शिट्टी वाजू लागते, तंत्रज्ञ मॉनिटर कमी करतो आणि गायक पुन्हा जोर लावतो.

गाण्यांचा क्रमही घशाच्या हिशेबाने लावावा. सर्वांत कठीण तीन गाणी सलग नकोत. त्यांच्यामध्ये लांब वाद्यसंगीत असलेलं किंवा गिटारवादक साथीला गाणारं गाणं यावं. प्रत्येक विरामात पाण्याचा घोट घ्यावा. आणि विसरलं जातं ते हे, की गाण्यांच्या मधे ‘पुणे, आवाज कुठाय!’ असं प्रेक्षकांवर ओरडणं स्क्रीमपेक्षा महागात पडतं. स्क्रीमला तंत्र असतं. हे ओरडणं मात्र थेट स्वरतंतूंच्या ताकदीवर होतं. कार्यक्रमानंतर स्पीकरशेजारी उभं राहून तासभर मोठ्याने गप्पा मारणंही त्याच जातीचं. त्याऐवजी मागे जाऊन पाच मिनिटं पुन्हा नळी आणि हलका ‘म’ करावा, आणि रात्री कमीत कमी बोलावं. कुजबुजही नको, कारण बरेच जण कुजबुजताना स्वरयंत्र आवळून धरतात.

ज्येष्ठमध, मध, आल्याचा काढा घशाला बरा वाटतो, पण गिळलेली कोणतीही वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवर पडत नाही. पाणीसुद्धा पोटातून रक्तात आणि तिथून स्वरतंतूंपर्यंत पोहोचतं. म्हणून दिवसभर थोडं थोडं प्यावं, कार्यक्रमाआधी लिटरभर ढोसून उपयोग नाही. थेट पोहोचते ती साध्या पाण्याची वाफ, बाम न घालता घेतलेली. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या आणि फवारे टाळावेत, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच ते दाबतात. ॲस्पिरिनसारख्या गोळीने रक्तस्राव सहज होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कार्यक्रमाच्या दिवशी घेऊ नये.

आता सुरुवातीची अडचण: न दुखणारी सूज ओळखायची कशी? अमेरिकेतले स्वरयंत्रतज्ज्ञ रॉबर्ट बास्टियन यांनी गायकांसाठी एक सोपी चाचणी रूढ केली. ओळखीच्या गाण्याची एक ओळ अगदी उंच पट्टीत आणि शक्य तितक्या हळू आवाजात गायची. जोरात गाताना हवेचा दाब सुजलेल्या घडीलाही हलवतो, म्हणून सूज झाकली जाते. हळू आणि उंच गाताना दाब कमी असतो. तिथे जाड झालेली घडी लवकर हलत नाही, सूर उशिरा लागतो, मधेच नुसती हवा येते किंवा तो सूर निघतच नाही.

आपल्या गायकाने हे असं करावं. विश्रांतीच्या काही दिवसांत फोनवरच्या की-बोर्डशी पडताळून ठरवायचं, की पातळ, खोट्या आवाजात आपला हळू सूर वर कुठपर्यंत स्वच्छ लागतो. समजा, तो पांढरी पाचपर्यंत लागतो. फेस्टिवलच्या दुसऱ्या सकाळी तो पांढरी तीनवरच फाटू लागला. म्हणजे वरचे सूर गेले. संध्याकाळपर्यंत परत आले, तर श्रमाची नेहमीची सूज होती. तिसऱ्या दिवशीही आले नाहीत, तर त्या रात्रीच्या कार्यक्रमातून कठीण गाणी काढायची किंवा कार्यक्रमच पुढे ढकलायचा. घसा दुखतो की नाही, हा प्रश्न या निर्णयात येत नाही.

एक प्रसंग मात्र थांबून बघण्याचा नसतो. गाता गाता अचानक आवाज गेला किंवा एकदम खरखरीत झाला, तर स्वरतंतूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. त्याच क्षणी गाणं बंद, बोलणंही बंद, आणि लवकरात लवकर नाक-कान-घसा तज्ज्ञ. ‘एरोस्मिथ’च्या स्टीव्हन टायलर यांना सप्टेंबर 2023 मध्ये एका कार्यक्रमात अशी इजा होऊन रक्तस्राव झाला. पुढे स्वरयंत्रालाही फ्रॅक्चर झाल्याचं निष्पन्न झालं आणि ऑगस्ट 2024 मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले.

हळूहळू बसत गेलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही, तरी तज्ज्ञाकडे जावं आणि स्ट्रोबोस्कोपीची सोय आहे का ते विचारावं. त्यात लुकलुकत्या प्रकाशामुळे स्वरतंतूंचं कंपन संथ झाल्यासारखं दिसतं आणि कडक झालेली जागा कळते. बहुतेक गाठी वेळेत सापडल्या, तर शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या उपचारतज्ज्ञाकडच्या काही महिन्यांच्या सरावाने ओसरतात. तिथे जाताना रोज सकाळी नोंदलेल्या हळू सुरांची वही सोबत न्यावी. कोणत्या कार्यक्रमानंतर आवाज उतरला आणि भरून यायला किती दिवस लागले, हे त्यातून डॉक्टरांना कळतं आणि पुढच्या दौऱ्यात दोन कार्यक्रमांमध्ये किती अंतर ठेवायचं, हे बँडला.