तीन बँकांचे उतारे, एकच साचा

एखाद्या दुकानाची तीन बँकांत खाती असली, तर महिनाअखेरीस तीन खातेउतारे हाती येतात आणि तिन्हींची मांडणी निराळी असते. एका बँकेच्या उताऱ्यात काढलेली आणि भरलेली रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत असते. दुसरीकडे रकमेचा रकाना एकच, आणि शेजारी `DR` किंवा `CR`. तिसरीकडे नुसते उणे चिन्ह. वहीतल्या नोंदींशी मेळ घालण्याआधी या सगळ्यांना एका साच्यात आणावे लागते: खाते, तारीख, तपशील, संदर्भ क्रमांक, रक्कम, शिल्लक. खात्यात आलेली रक्कम अधिक आणि गेलेली उणे धरली, की 'जमा' आणि 'नावे' यांचा घोळ उरत नाही. बँक ज्याला जमा म्हणते, ते दुकानाच्या खतावणीत बँकेच्या नावे पडत असते.

रकाने त्यांच्या शीर्षकावरून शोधावेत. अमुक ओळीपासून व्यवहार सुरू होतात असे धरून चालले, तर वर छापलेला पत्ता एका ओळीने वाढताच सगळे बिघडते.

तारखांची चूक अधिक फसवी असते. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल, तर एक्सेल 03/04/2025 ही 3 एप्रिलची नोंद 4 मार्च म्हणून वाचते. 25/04/2025 मात्र तिला तारीख वाटतच नाही, म्हणून ती साधा मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हेच घडलेले असते. संदर्भ क्रमांकही मजकूर म्हणूनच वाचावा. नाहीतर 004512 या धनादेशाचा 4512 होतो आणि वहीतल्या क्रमांकाशी जुळत नाही.

रूपांतर बरोबर झाले की नाही, हे उताऱ्यातली शिल्लकच सांगते. जुना व्यवहार आधी येईल असा क्रम लावून प्रत्येक ओळ तपासावी (काही बँका नवा व्यवहार वर देतात):

```
मागील शिल्लक + रक्कम = या ओळीची शिल्लक
```

समजा, आरंभीची शिल्लक 1,20,000 रुपये आहे. 45,000 आले, शिल्लक 1,65,000 झाली. मग 18,500 चा धनादेश वटला, शिल्लक 1,46,500 राहिली. धनादेशाचे उणे चिन्ह गळाले, तर बेरीज 1,83,500 येते, म्हणजे 37,000 चा फरक, 18,500 च्या बरोबर दुप्पट. फरक दुप्पट असेल तर चिन्ह उलटले आहे. तो 18,500 इतकाच असेल तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा आली आहे.

या कसोटीलाही मर्यादा आहे. ती फक्त रकमा तपासते. तारीख किंवा संदर्भ क्रमांक चुकला तरी शिल्लक जुळतेच. म्हणून पहिली आणि शेवटची तारीख उताऱ्याच्या माथ्यावरील कालावधीत बसते का, हे वेगळे पाहावे लागते, आणि काही धनादेश क्रमांक मूळ उताऱ्याशी डोळ्यांनी ताडावे लागतात.