डेटाबेस पडला, आता आधी काय करायचं?

जगभरातले प्रोग्रॅमर ज्या संकेतस्थळावर आपला कोड ठेवतात, त्या गिटलॅबवर 31 जानेवारी 2017च्या रात्री मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. त्यांच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि दुसरा त्याची जुळी प्रत. त्या दिवशी लोड वाढल्यामुळे प्रत मागे पडली होती. ती नव्याने जुळवण्यासाठी प्रतीवरचा डेटा काढून `pg_basebackup` ही आज्ञा चालवली, पण स्क्रीनवर काहीच हलेना. ती आज्ञा मुख्य सर्व्हर तयार होईपर्यंत मुकाट थांबून राहते. हे कंपनीच्या कार्यपुस्तिकेत, म्हणजे रनबुकमध्ये लिहिलेलं नव्हतं. काहीतरी अडकलंय असं समजून इंजिनिअरने डेटाचं फोल्डर पुन्हा काढायला घेतलं आणि ती आज्ञा प्रतीऐवजी मुख्य सर्व्हरवर गेली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

त्यानंतर बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा बॅकअप घेणारी आज्ञा जुन्या आवृत्तीची होती, त्यामुळे ती कितीतरी दिवस अपयशी ठरत होती. तसं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो एका इंजिनिअरने चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो संथ डिस्कवरून कॉपी व्हायला 18 तासांच्या आसपास लागले. मधल्या तासांतल्या नोंदी परत मिळाल्या नाहीत. हा सगळा तपशील कंपनीने स्वतःच जाहीर केला, म्हणून इतरांना तो आज शिकता येतो.

यातली प्रत्येक गोष्ट आधी लिहून ठेवता आणि तपासता आली असती. डेटाबेस पडल्यावर तो परत उभा करायच्या क्रमवार पायऱ्या, प्रत्येक पायरीला लागणारा वेळ आणि ती पार पडल्याची खूण ज्यात असते ते रनबुक. ते कसं लिहायचं हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावरून पाहू.

समजा, एका तालुक्याच्या पतसंस्थेचा पोस्टग्रेस डेटाबेस 200 जीबीचा आहे. रोज रात्री दोन वाजता पूर्ण बॅकअप होतो. शिवाय डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल पोस्टग्रेस आधी एका नोंदप्रवाहात लिहितो. त्या प्रवाहाच्या 16 एमबीच्या फाइल्सना वॉल फाइल म्हणतात. त्या दर पाच मिनिटांनी तरी दुसऱ्या मशीनवर जातील अशी सोय केलेली आहे. पूर्ण बॅकअप मांडला आणि त्यावर या फाइल्स ओळीने चालवल्या, की डेटाबेस हव्या त्या क्षणापर्यंत आणता येतो.

रनबुकच्या पहिल्या पानावर दोन आकडे हवेत. किती वेळात काउंटर पुन्हा सुरू व्हायला हवा, हा पहिला. किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालेल, हा दुसरा. संगणकाच्या क्षेत्रात यांना आरटीओ आणि आरपीओ म्हणतात. आपल्या पतसंस्थेच्या संचालकांनी ठरवलं की दोन तासांत काउंटर सुरू आणि जास्तीत जास्त पाच मिनिटांच्या नोंदींचं नुकसान. हे आकडे ठरवणं सोपं असतं, पण ते खरे आहेत का हे पायऱ्यांची बेरीज केल्याशिवाय कळत नाही.

सरावात मोजलेले आकडे असे आले असं धरू. बिघाड लक्षात यायला 15 मिनिटं. रिस्टोर करायचं की नाही हे ठरायला 15. नवं मशीन तयार करायला 20. सेकंदाला 100 एमबी या वेगाने 200 जीबी कॉपी व्हायला सुमारे 35. अख्ख्या दिवसाच्या वॉल फाइल्स चालवायला 70. तपासणीला 20 आणि काउंटर उघडायला 10. बेरीज होते 185 मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त. दोन तासांचं उद्दिष्ट नुसतं कागदावरच राहिलं.

आता कुठे कापता येईल ते दिसतं. पूर्ण बॅकअप दिवसातून दोनदा घेतला, तर जास्तीत जास्त बारा तासांच्या वॉल फाइल्स चालवाव्या लागतील आणि 70ची 35 मिनिटं होतील. मशीन आधीच तयार ठेवलं तर 20 वाचतील. निर्णय कोण घेणार आणि ती व्यक्ती नसेल तर कोण, हे नावानिशी लिहिलं तर 15ची 5 होतील. बेरीज 120वर येते. पण त्यात एका मिनिटाचीही सवड नाही. म्हणून संचालकांना दोन पर्याय ठेवावेत. जास्त वेगवान डिस्क आणि नेटवर्कला पैसे द्यायचे, नाहीतर तीन तासांचं उद्दिष्ट मान्य करायचं. गिटलॅबच्या डिस्कचा वेग सेकंदाला सुमारे 60 मेगाबिट होता. त्या वेगाने 300 जीबीला हिशेबानेच अकरा तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त गेले. एवढा हिशेबही आधी कोणी मांडला असता, तर संथ डिस्कवरचा बॅकअप हा शेवटचा आधार राहिला नसता.

आता पायऱ्या. शुक्रवारी सकाळी 11:42ला व्याजदर बदलण्यासाठी चालवलेल्या आज्ञेत अट राहून गेली आणि एका योजनेऐवजी सगळ्याच खात्यांचा दर बदलला. हे 11:57ला लक्षात आलं. जुळी प्रत इथे उपयोगी नाही, कारण चुकीचा बदल काही क्षणांत तिच्यावरही पोचतो.

पहिली पायरी: ॲप्लिकेशन बंद करून नव्या नोंदी थांबवायच्या. एकाने आज्ञा चालवायच्या, दुसऱ्याने प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहायची. दुसरी: बिघडलेल्या सर्व्हरला हात लावायचा नाही, तिथलं काही पुसायचं तर मुळीच नाही. रिस्टोर कायम दुसऱ्या मशीनवर करायचं. कोणतीही काढून टाकणारी आज्ञा देण्याआधी `hostname` चालवून आपण कोणत्या मशीनवर आहोत ते मोठ्याने वाचायचं, हेही रनबुकमध्ये लिहिलेलं असावं.

तिसरी: नव्या मशीनवर पोस्टग्रेसची तीच मुख्य आवृत्ती आहे ना हे पाहून पूर्ण बॅकअप मांडायचा. चौथी: डेटा फोल्डरमध्ये `recovery.signal` नावाची रिकामी फाइल बनवायची आणि सेटिंगमध्ये या तीन ओळी लिहायच्या.

```
restore_command = 'cp /backup/wal/%f "%p"'
recovery_target_time = '2025-03-14 11:41:00+05:30'
recovery_target_action = 'pause'
```

पहिली ओळ वॉल फाइल्स कुठून आणायच्या ते सांगते. दुसरी कोणत्या क्षणापाशी थांबायचं ते, आणि तिसरी तिथे पोचल्यावर लगेच खुलं न होता वाट पाहायला. ही तिसरी ओळ फार मोलाची आहे. थांबलेल्या अवस्थेत डेटाबेस वाचता येतो, पण त्यात लिहिता येत नाही. वेळ थोडी अलीकडची निवडली गेली असेल, तर सर्व्हर बंद करून पुढची वेळ देता येते. पलीकडची निवडली गेली, म्हणजे चूकसुद्धा पुन्हा चालवली गेली, तर मागे येता येत नाही. पूर्ण बॅकअप पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो आणि सव्वा तास वाया जातो. म्हणून पहिली निवड नेहमी थोडी आधीची ठेवायची.

पाचवी: सर्व्हर सुरू करून लॉग पाहत राहायचं. वॉल फाइल्स एकेक करून चालल्याच्या ओळी येत राहतात. मध्येच एखादी फाइल सापडली नाही, तर पोस्टग्रेस ठरवलेल्या क्षणाआधीच अडतो. तेव्हा ती फाइल शोधायची, सेटिंग बदलून पुढे रेटायचं नाही.

सहावी पायरी तपासणीची. शेवटचा व्यवहार 11:40च्या आसपासचा आहे का? व्याजदर जुने आहेत का? आदल्या संध्याकाळी छापलेल्या दिवसअखेरच्या गोषवाऱ्यातली ठेवींची बेरीज त्या तारखेपर्यंतच्या नोंदींशी पैशापैशाने जुळते का? या प्रश्नांच्या आज्ञा रनबुकमध्ये जशाच्या तशा लिहिलेल्या असाव्यात आणि उत्तर काय यायला हवं तेही. "डेटा नीट दिसतोय का पाहा" अशी ओळ लिहिली, तर घाईत प्रत्येकाला तो नीटच दिसतो.

सातवी: सगळं जुळलं की `SELECT pg_wal_replay_resume();` ही आज्ञा द्यायची. ती दिल्यावर `SELECT pg_is_in_recovery();` याचं उत्तर `f` आलं, म्हणजे डेटाबेस खुला झाला. आठवी पायरी बहुतेक ठिकाणी विसरली जाते. 11:41 नंतर काउंटरवर दिलेल्या पावत्यांचे नंबर ग्राहकांच्या हातात आहेत, पण डेटाबेसला ते माहीत नाहीत, तो तेच नंबर पुन्हा देईल. म्हणून सगळे अनुक्रमांक पुढे ढकलायचे. गिटलॅबने ते एक लाखाने पुढे नेले होते. नववी: काउंटर उघडण्याआधीच नवा पूर्ण बॅकअप सुरू करायचा आणि वॉल फाइल्स पुन्हा जाऊ लागल्याची खात्री करायची. मग काउंटर उघडायचा.

इथे दुसऱ्या आकड्याची मर्यादा कळते. मशीन जळालं तर पाच मिनिटांच्या नोंदी जातील हे खरं. माणसाच्या चुकीत मात्र 11:41पासून ॲप्लिकेशन बंद होईपर्यंतच्या सगळ्या नोंदी जातात, म्हणजे पंधरा मिनिटांहून जास्त. त्या परत आणायच्या तर जुन्या सर्व्हरवरून वाचून आणि काउंटरवरच्या स्लिपांशी पडताळून भराव्या लागतात. दुसरी पायरी एवढी कडक असण्याचं कारण हेच. हे काम कोण करणार तेही रनबुकमध्ये हवं.

रनबुकची एक प्रत छापून ठेवावी, कारण ज्या सर्व्हरवर ते ठेवलंय तोच बंद असू शकतो. बॅकअपला कुलूप असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे हेही त्यात लिहावं. पाच मिनिटांचं आश्वासन टिकतंय का हे रोज पाहता येतं. `pg_stat_archiver` या तक्त्यात शेवटची फाइल कधी गेली आणि किती वेळा अपयश आलं ते दिसतं. दर पाच मिनिटांनी जाणारी फाइल तासभर गेली नसेल, तर कोणाच्या तरी फोनवर कॉल गेला पाहिजे. फक्त ईमेलवर अवलंबून राहण्याचा परिणाम गिटलॅबने भोगला आहे.

दर तीन महिन्यांनी सराव करावा, तोही ज्याने रनबुक लिहिलेलं नाही अशा माणसाने. लिहिणारा शेजारी बसेल, पण बोलणार नाही. चालवणारा जिथे अडेल किंवा प्रश्न विचारेल, तिथे रनबुकमध्ये एक ओळ कमी आहे असं समजायचं आणि ती त्याच दिवशी लिहायची. गिटलॅबला त्या रात्री नेमकी अशीच एक ओळ हवी होती: ही आज्ञा काही मिनिटं काहीच दाखवत नाही, थांबा. सराव संपला की प्रत्येक पायरीसमोर तारीख आणि मोजलेली मिनिटं भरायची आणि नवी बेरीज संचालकांपुढे ठेवायची. डेटा वाढत जातो, म्हणून कॉपीची मिनिटंही वाढत जातात. मागच्या वर्षी दोन तासांत बसलेली बेरीज यंदा बसेलच असं नाही.