वीस कविता, कुठली कुठे?

पहिला संग्रह लावताना दोन क्रम आपसूक हाताशी येतात: कविता लिहिल्या त्या ओळीने, किंवा विषयवार. पहिल्या क्रमात वाचकाला काडीचा रस नसतो. दुसरा दिसायला नीटनेटका, पण फसवा.

समजा, वीसपैकी सात कविता वडिलांच्या मृत्यूवर आहेत, सहा शहरातल्या नोकरीवर, पाच प्रेमाच्या, आणि दोन कुठेच न बसणाऱ्या: एक मुंग्यांवर, दुसरी मृत्यूचा दाखला काढायला नगरपालिकेत लावलेल्या रांगेवर, चांगलीच तिरकस. सातही शोककविता सलग ठेवल्या, तर चौथीपाशीच वाचकाला पुढचं कळून चुकतं आणि पाचवी कितीही चांगली असली तरी बोथट होते. त्या फोडा. दवाखान्याच्या दोन दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवा. वडिलांचं अक्षर आणि त्यांचा डबा आठवणाऱ्या दोन नोकरीच्या कवितांमध्ये, नवव्या-दहाव्या जागी. उरलेल्या तीन सोळा ते अठरा. आता वडील तीनदा येतात आणि दर वेळी वेगळे दिसतात.

रांगेची कविता मग अडगळ राहत नाही. मृत्यूही तिच्यात आहे आणि सरकारी टेबलही, त्यामुळे घरातून कचेरीत न्यायला तीच उपयोगी. फक्त ती दवाखान्याच्या कवितेला लगटून नको, तिथे ती थट्टा वाटेल. मध्ये मुंग्यांची कविता घाला, म्हणजे सूर हळूहळू उतरतो.

हे सांधे तपासायला एका कागदावर प्रत्येक कवितेची फक्त पहिली आणि शेवटची ओळ उतरवावी. एक कविता दारातल्या चपलांवर संपते, पुढची लोकलमध्ये पायावर पडलेल्या पायाने उघडते: सांधा जमला. लागोपाठ दोन कविता पावसावर संपत असतील, तर एक हलवा. हलवूनही ती कुठेच बसली नाही, तर बहुधा ती संग्रहाबाहेरची असते. तिचा मोह सोडावा, एकोणीसही चालतात.

सुरुवातीला सर्वांत गाजलेली कविता नको, आवाजाची ओळख करून देणारी हवी. शेवटी सगळ्याचा निष्कर्ष काढणारीही नको. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ (१९७६) बसने पोचतं आणि रेल्वे स्टेशनवर थांबतं. देवस्थानाबद्दलचा निकाल कवी देत नाही.

एवढं झालं की छपाईचा हिशेब आडवा येतो. सोळा कविता एकपानी, चार दोनपानी, म्हणजे चोवीस पानं. शीर्षक, अर्पण, अनुक्रमणिका वगैरे धरून बत्तीस, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म. दोनपानी कविता डाव्या, म्हणजे सम पानावर सुरू झाली तरच समोरासमोर दिसते. उजव्या पानावर सुरू झाली की पान उलटताना मधोमध तुटते. कविता सातव्या पानापासून लागत असतील, तर पहिली एकपानी असलेली बरी, म्हणजे दोनपानी कविता आठव्यावर सुरू करता येते. त्यापुढे दोन दोनपानी कवितांच्या मध्ये एकपानी कविता सम संख्येने याव्या लागतात. नाहीतर क्रम पुन्हा हलवा, किंवा एखादं पान कोरं सोडायला प्रकाशकाला राजी करा.