वरण उतू गेलं की गॅसची ज्योत पिवळी का होते? जुन्या सीडीतून उत्तर शोधणारा शाळेचा प्रकल्प

वरण उतू जाऊन बर्नरवर सांडलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी भडकते, हे घरोघरी पाहिलेलं आहे. मेणबत्तीची ज्योतही पिवळीच असते. मग हे दोन पिवळे रंग एकच आहेत का? तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी सीडीचा स्पेक्ट्रोस्कोप करणार असाल, तर प्रस्तावात पहिल्या ओळीला हाच प्रश्न लिहा. नुसतं 'सीडीतून इंद्रधनुष्य दाखवणे' असं लिहिलं की ते खेळणं होतं. प्रश्न असला की प्रयोग होतो.

स्पेक्ट्रोस्कोप म्हणजे उजेडात कोणकोणते रंग मिसळलेत ते वेगळे करून दाखवणारी नळी. सीडीच्या चकचकीत बाजूवर गोल गोल बारीक रेघा असतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण ६२५. या रेघांवरून परतताना प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या कोनात जातो, म्हणून रंग सुटे दिसतात. सीडी घरातली जुनी चालेल, पण लग्नाची असेल तर आधी विचारून घ्या! डीव्हीडी मात्र नको. तिच्या रेघा जास्त दाट असतात, त्यामुळे रंग खाली दिलेल्या भोकातून नीट दिसणार नाहीत.

कापडाच्या किंवा फ्लेक्सच्या दुकानातून पुठ्ठ्याची नळी आणा, साधारण ५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी लांब. आतून काळा कागद लावा. एक टोक ४५ अंशात तिरकं कापा. आता नळीची एक बाजू लांब आणि एक आखूड झाली. तिरक्या तोंडावर सीडी चकचकीत बाजू आत करून चिकटपट्टीने बसवा. सीडीचं मधलं भोक आखूड बाजूकडे सरकवा, म्हणजे नळीच्या तोंडासमोर रेघांचा भाग येईल. उघडं राहिलेलं सगळं काळ्या कागदाने बंद करा. मग लांब बाजूवर, तिच्या टोकापासून २ ते ४ सेंमीच्या मधे, डोळा लावायला भोक पाडा.

दुसऱ्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याचे दोन सरळ तुकडे चिकटवून मधे फट ठेवा. फट लग्नपत्रिकेच्या जाडीएवढी हवी. पत्रिकेचा तुकडा मधे धरून चिकटवा आणि मग तो काढून घ्या.

बहुतेकांचं काम या फटीपाशीच बिघडतं. डोळ्याचं भोक वर धरलं की फट आडवी दिसली पाहिजे. ती तिरकी असेल तर रंग तिरपे आणि एकमेकांत मिसळलेले दिसतात. फट रुंद झाली तर बारीक रेषेऐवजी जाड पट्टा दिसतो. भोकातून सरळ खाली पाहिल्यावर फटीची पांढरी चमक दिसते, तो वर्णपट नव्हे. डोळा जरासा फटीच्या बाजूला सरकवा, आधी जांभळा-निळा आणि पुढे लाल दिसेल.

आता अंधाऱ्या खोलीत, शिक्षक सोबत असताना, मेणबत्तीकडे फट करा. पुठ्ठा ज्योतीपासून हातभर लांब ठेवा. निळ्यापासून लालपर्यंत अखंड पट्टा दिसेल, कारण तो उजेड ज्योतीतल्या तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो. मग लोखंडी तारेचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. आता एकच ठळक पिवळी रेषा! तो सोडियमचा उजेड. वरणातल्या मिठातही सोडियमच आहे. शंका राहू नये म्हणून आधी कोरी स्वच्छ तार धरून पाहा आणि शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेली तार धरा. सोडा खारट मीठ नाही, तरी रेषा त्याच जागी येते, कारण त्यातही सोडियम आहे.

रेषेची जागा मोजायची तर मोबाइल भोकाला चिकटपट्टीने पक्का बसवा. आधी घरातल्या जुन्या सीएफएल दिव्याचा फोटो घ्या. त्यात पाऱ्याची निळी रेषा ४३६ नॅनोमीटरला आणि हिरवी ५४६ नॅनोमीटरला येते. मोबाइल न हलवता मिठाच्या ज्योतीचा फोटो घ्या. समजा छापील फोटोत निळी १० मिमीवर आणि हिरवी ३२ मिमीवर आली, तर २२ मिमीत ११० नॅनोमीटर, म्हणजे एका मिमीला ५. पिवळी रेषा ४०.५ मिमीवर असेल तर हिरवीपासून ८.५ मिमी, म्हणजे ५४६ अधिक ४२.५, जवळपास ५८८.५. पुस्तकातला आकडा ५८९. थोडा फरक पडला तरी आकडा खोडून बरोबर करू नका, जो आला तोच लिहा.

प्रस्तावात मर्यादाही लिहा. सोडियमच्या या रेषेत खरं तर दोन रेषा अगदी जवळ आहेत, त्या या नळीत सुट्या दिसत नाहीत. मीठ किती आहे, हेही ती सांगू शकत नाही. नळी सूर्याकडे कधीही रोखू नका, आणि सीएफएल फुटू देऊ नका, त्यात पारा असतो.